मामाचं घड्याळ आणि विम्याचा कागद

गेल्या दिवाळीत मामाने मला त्याचं घड्याळ दिलं. मामा आता ८४ वर्षांचा आहे. ऐंशीच्या दशकात तो बहारीनला नोकरीला होता, आणि १९८६ साली तिथल्याच एका दुकानातून त्याने हे रोलेक्स घेतलं. डेटजस्ट म्हणतात त्या प्रकारातलं. स्टीलचं, ३६ मिलिमीटरचं, तारखेवर ते फुगीर भिंग असलेलं. त्या वेळी त्याला यासाठी दोन पगार लागले होते म्हणे आणि मामी आठ दिवस बोलत नव्हती! मामाला मूलबाळ नाही. "तुझ्या मनगटाला जरा मोठं होईल, पण चालतं हल्ली बायकांना," असं म्हणून त्याने ते माझ्या हातात घातलं, आणि वर एकच अट घातली. "कपाटात ठेवू नकोस गं. घालायचं."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात या विषयावर तीन पक्ष पडले. नवरा म्हणतो, सरळ बँकेच्या लॉकरमध्ये टाक. चिरंजीव म्हणतात, "आई, विमा काढ आणि बिनधास्त घाल." आणि माझा मावसभाऊ बंड्यादादा म्हणतो, विमा म्हणजे शुद्ध फसवणूक, त्यापेक्षा तेवढ्या पैशांची आंब्याची पेटी घे. बंड्यादादाच्या या मताला इतिहास आहे, तो पुढे सांगतेच. तर या तिघांच्या भांडणात मी गेले सहा महिने विम्याचे कागद वाचत होते (हो, ती बारीक अक्षरंसुद्धा, भिंग घेऊन), दोन एजंटांना भंडावून सोडलं, आणि शेवटी एक निर्णय घेतला. तो कसा घेतला ते लिहून ठेवावं म्हणते. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे काका-मामांचं असं एखादं घड्याळ आहे, हे मला माहीत आहे.

आधी बंड्यादादाची गोष्ट.

२०११ साली त्याच्या घरी रंगकाम चाललं होतं. त्याचं एक चांगलं स्विस घड्याळ ड्रेसिंग टेबलवर होतं. दिवसभर माणसांची ये-जा, दार सताड उघडं. संध्याकाळी बघतो तर घड्याळ गायब. त्याच्याकडे घराची विमा पॉलिसी होती, तिच्यात 'बर्गलरी' असं स्पष्ट छापलेलं होतं, त्यामुळे गडी निर्धास्त होता. पोलिसांत तक्रार केली, दावा केला आणि दोन महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. कारण काय, तर घरात कोणी जबरदस्तीने शिरल्याची खूण नाही. ना कुलूप तोडलेलं, ना खिडकीचा गज वाकवलेला. म्हणजे घड्याळ चोरीला गेलं हे कंपनीलाही मान्य होतं, पण ती 'घरफोडी' नव्हती!

बंड्यादादा अजून याला अन्याय म्हणतो. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होते. पण कागद वाचल्यावर कळलं की हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या २००४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, पॉलिसीत घरफोडीची जी व्याख्या लिहिली आहे तीच धरायची. तिच्यात बळजबरी किंवा हिंसा हवी असं लिहिलेलं असेल, तर साधी चोरी त्यात बसत नाही. म्हणजे बंड्यादादाने विकत घेतली होती ती घरफोडीची हमी, आणि झाली होती चोरी. आपल्या बोलण्यात हे दोन्ही एकच असतं. विम्याच्या कागदावर नसतं.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा की "घड्याळाचा विमा आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कशापासून विमा आहे, हे त्याच्यापुढे यायलाच हवं.

आपल्याकडे घड्याळाचा विमा बहुतेक वेळा स्वतंत्र मिळत नाही, तो घराच्या विम्यात एक भाग म्हणून येतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिली आहे. त्यात घराची इमारत आणि आतलं सामान येतं. पण हे सामान म्हणजे टीव्ही, फ्रीज, फर्निचर, कपडे वगैरे. दागिने, चांदीची भांडी, चित्रं अशा मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय मागून घ्यावा लागतो, आणि महागडं घड्याळ घालायचं ते त्याच रकान्यात. नुसत्या 'घरातलं सामान' या शब्दांवर विसंबून राहायचं नाही. या पर्यायात एक चांगली गोष्ट आहे. किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते, त्यामुळे नुकसान झाल्यावर "तुमचं घड्याळ चाळीस वर्षं जुनं, घसारा वजा करू" हा वाद उरत नाही. पण एका वस्तूची किंमत १ लाखाच्या वर असेल किंवा अशा सगळ्या वस्तू मिळून ५ लाखांच्या वर जात असतील, तर मूल्यांकनाचा दाखला द्यावा लागतो.

आता यातली खरी मेख. ही मूळ पॉलिसी आग, पूर, भूकंप, वादळ अशा संकटांसाठी आहे. चोरी तिच्यात आहे, पण कोणती? तर अशा एखाद्या संकटामुळे, आणि ते घडल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली. म्हणजे पूर आला, घर सोडून तुम्ही नातेवाइकांकडे गेलात, आणि मागे कोणी घर साफ केलं, तर पैसे मिळतील. एरवी एखाद्या मंगळवारी दुपारी चोर आला तर नाही. हे मला एजंटकाकांनी आपणहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली.

मग घड्याळासाठी काय घ्यायचं? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे घरफोडीचं वाढीव संरक्षण, जे बंड्यादादाकडे होतं. ते घेताना 'चोरीसह' आहे का ते बघायचं, आणि काहीही झालं तरी ते तुमच्या घराच्या चार भिंतींपुरतंच. दुसरा म्हणजे दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठीचा 'ऑल रिस्क' विभाग. तो घराबाहेरही लागू असतो. माझ्या पॉलिसीत भारतभर. घालायचं घड्याळ असेल तर अर्थ आहे तो या दुसऱ्यालाच. घड्याळ काही फ्रीज नाही एका जागी बसायला.

पण 'ऑल रिस्क' हे नाव ऐकून हुरळून जाऊ नका. माझ्या कागदावर 'काय मिळणार' हे चार ओळीत आहे, आणि 'काय मिळणार नाही' याला दीड पान! त्यातल्या घड्याळाशी संबंधित गोष्टी तेवढ्या सांगते.

पहिली तर चक्क घड्याळांचं नाव घेऊनच लिहिलेली आहे. किल्ली जास्त पिळली गेली, पोचा आला किंवा आतल्या यंत्रात बिघाड झाला, तर भरपाई नाही. माझ्यासाठी हे महत्त्वाचं, कारण या घड्याळाची किल्ली स्क्रूसारखी आत बसवावी लागते. तारीख लावून झाल्यावर ती नीट आवळायची राहिली आणि हात धुताना आत पाणी गेलं, तर यंत्र गंजणार आणि तो खर्च पूर्णपणे माझा. हा धोका चोरीपेक्षा कितीतरी जास्त खरा आहे, आणि त्यावर उपाय विमा नाही. त्यावर उपाय म्हणजे वेळच्या वेळी सर्व्हिसिंग आणि आतली रबरं बदलणं. काचेचंही तसंच. ठिसूळ वस्तूला तडा किंवा ओरखडा गेला तर आग किंवा वाहनाचा अपघात असं काही कारण लागतं, नुसतं दारावर आपटलं हे चालत नाही.

दुसरी गोष्ट, साफसफाई किंवा दुरुस्ती चालू असताना झालेलं नुकसान. म्हणजे घड्याळजींकडे दिलेलं असताना त्यांच्या हातून काही झालं, तर ते तुम्ही आणि घड्याळजी बघून घ्या. म्हणून घड्याळ दुरुस्तीला देताना पावतीवर मॉडेल आणि नंबर लिहून घ्यायचा. "एक मनगटी घड्याळ" एवढंच लिहिलेली पावती घेऊ नये.

तिसरी, गाडीतून झालेली चोरी. गाडी पूर्ण बंद प्रकारची हवी आणि सगळ्या काचा-दारं लावलेली हवीत. रिक्षात विसरलं तर ती चोरी नव्हे. घरातल्याच माणसाने किंवा कामावर ठेवलेल्या माणसाने नेलं तर तेही वगळलेलं. आणि घर सलग ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आधी कळवावं लागतं. मुलाकडे परदेशी दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आपल्या काका-काकूंनी हे कलम जरूर वाचावं.

आणि चौथी गोष्ट मला अनुभवाने कळली. म्हणजे जवळजवळ.

फेब्रुवारीत नाशिकला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीनंतर हात धुतले, फोटो काढले, गप्पा मारल्या, आणि तासाभराने बघते तर मनगट रिकामं. तुम्हाला सांगते, पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बेसिनपाशी धावले, खुर्च्यांखाली पाहिलं, कार्यालयाच्या मॅनेजरला सांगितलं. नवरा एक शब्द बोलला नाही (ते जास्त वाईट होतं). चिरंजीव म्हणाले, "आई, विमा आहे ना, कशाला घाबरतेस!" आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते दीड पान आलं.

कारण समजा मी तशीच पोलीस चौकीत गेले असते, तर काय सांगितलं असतं? "कुठेतरी, कधीतरी, बहुधा हात धुताना काढलं असावं." हे ऐकून पोलीस 'गहाळ' म्हणून नोंद करतात, चोरीचा गुन्हा नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण कोणी चोरलं असं मी म्हणूच शकत नव्हते. माझ्या पॉलिसीत अपघाताने हरवणं धरलेलं आहे, पण 'कारण सांगता न येणारं नाहीसं होणं' वगळलेलं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत माझा दावा जाऊन पडला असता. शिवाय वस्तूची वाजवी काळजी घेण्याची अट असतेच. सार्वजनिक बेसिनच्या कट्ट्यावर साडेचार लाखांचं घड्याळ काढून ठेवणं ही वाजवी काळजी आहे का, असं सर्वेक्षकाने विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?

घड्याळ पर्सच्या बाजूच्या कप्प्यात सापडलं. मेंदी खराब होऊ नये म्हणून मीच काढून ठेवलं होतं. असो. पण त्या एका तासाने मला शिकवलं की विम्याने चोराची भीती जाते, आपल्या विसराळूपणाची जात नाही.

आता पैशांचं. घड्याळाचं मूल्यांकन करून घेतलं, ते साडेचार लाख आलं. इथे एक सावधगिरी. दाखला कोणाचा चालेल ते कंपनीला आधी विचारा, नाहीतर पैसे देऊन आणलेला कागद फुकट जातो. आणि मूल्यांकन कशाचं ते त्यात स्पष्ट हवं. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या नव्या डेटजस्टची किंमत वेगळी, आणि माझ्याकडे आहे त्या १६०१४ नंबरच्या जुन्या मॉडेलची, कागदपत्रांसकट बाजारात मिळेल ती किंमत वेगळी. विमा दुसऱ्या किमतीचाच काढावा. जास्त किमतीचा काढला म्हणून जास्त मिळतील असं नसतं.

मला सांगितलेला दर होता शेकडा एक. म्हणजे साडेचार लाखांवर ४,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ८१०, एकूण वर्षाला ५,३१०. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले पाच टक्के माझे. म्हणजे उद्या घड्याळ खरंच चोरीला गेलं तर २२,५०० कापून ४,२७,५०० हातात येणार. आता ४,२७,५०० ला ५,३१० ने भागा. साधारण ८० येतात. म्हणजे हे घड्याळ माझ्या हातून ८० वर्षांत एकदा चोरीला जाणार असेल तर हिशेब बरोबरीत सुटतो. त्याहून कमी वेळा जाणार असेल तर हप्ते भरून मी तोट्यात. मामाने ते जवळजवळ चाळीस वर्षं वापरलं, मुंबईच्या लोकलमध्येसुद्धा, आणि त्याच्या हातून एकदाही गेलं नाही.

या हिशेबावर बंड्यादादा खूष! "बघ, मी म्हणत होतो." पण मला वाटतं, विम्याचा हिशेब असा फक्त सरासरीने करू नये. प्रश्न असा विचारावा की उद्या हे गेलं, तर ते भरून काढण्याची मला गरज आहे का, आणि ऐपत आहे का? ज्याला साडेचार लाख गेल्याने काही फरक पडत नाही, त्याने विमा काढू नये, हप्ते वाचवावेत. ज्याचं घड्याळ वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर निघतं, त्यानेही काढू नये. पण ज्याच्यासाठी ती रक्कम मोठी आहे आणि जो ते रोज घालतो, त्याने काढावा. पन्नास हजारांच्या आतल्या घड्याळाला हा सगळा खटाटोप मला तरी पटत नाही. मूल्यांकन, कागद, दरवर्षीची आठवण, आणि वेळ आली तर पोलीस चौकीच्या फेऱ्या, यांचाही खर्च असतोच की.

नवऱ्याच्या लॉकरचं म्हणाल तर तोही मी तपासला. लॉकर म्हणजे पूर्ण सुरक्षा असा आपला समज असतो. बँकेला आत काय आहे हे माहीत नसतं आणि त्याचा विमाही बँक काढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट. आमचं भाडं ३,००० रुपये, म्हणजे ३ लाख. त्या तीन लाखांत घड्याळ, माझे दागिने आणि सासूबाईंच्या पाटल्या सगळंच आलं! तरीसुद्धा लॉकरमधून चोरी होण्याची शक्यता इतकी कमी की, जे वापरायचंच नाही त्याला लॉकर हा विम्यापेक्षा स्वस्त उपाय आहे, हे मान्य. पण मग मामाची अट?

आणखी एक गोष्ट, किंमत जुनी होऊ देऊ नका. काही पॉलिसींमध्ये किंमत आधी ठरवून लिहिलेली नसते, नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. समजा विमा तीन लाखांचा आहे, आणि त्या दिवशी घड्याळाची किंमत साडेचार लाख निघाली. पट्टा आणि डायल मिळून ६० हजारांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणते की तुम्ही दोन तृतीयांशच विमा उतरवला होता, मग भरपाईही दोन तृतीयांश, म्हणजे ४० हजार. मी आता दर तीन वर्षांनी मूल्यांकन नवं करून घ्यायचं ठरवलंय.

आता कागद. खरं तर या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग हा. विमा काढा अगर काढू नका, कागद ठेवाच.

मामाने घड्याळाबरोबर एक जुनं पाकीट दिलं होतं. त्यात बहारीनच्या दुकानाचं बिल आणि रोलेक्सचं गॅरंटीपत्र. त्या काळच्या पत्रावर घड्याळाचा नंबर शाईने लिहिलेला नसायचा, कागदाला बारीक भोकं पाडून काढलेला असायचा. उजेडासमोर धरला की आकडे दिसतात. गॅरंटी कधीच संपली आहे, आणि गॅरंटी चोरीसाठी नसतेच, पण हा कागद म्हणजे या घड्याळाचा जन्मदाखला. मग मी पट्टा काढायला लावून घड्याळावरचे नंबर पाहिले. या जुन्या घड्याळांत पट्टा जिथे जोडतात तिथे, बाराच्या बाजूला मॉडेलचा नंबर कोरलेला असतो आणि सहाच्या बाजूला त्या एकाच घड्याळाचा स्वतःचा नंबर. पट्टा लावलेला असताना दोन्ही दिसत नाहीत. भोकांचा नंबर आणि कोरलेला नंबर जुळला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

हा नंबर इतका महत्त्वाचा का? पोलिसांना "स्टीलचं रोलेक्स" सांगून उपयोग नाही, तशी हजारो आहेत. एफआयआरमध्ये नंबर असेल तर ते घड्याळ तुमचंच हे ठरतं. चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणारी लंडनच्या 'द वॉच रजिस्टर'सारखी यादी आहे, जुनी घड्याळं घेणारे व्यापारी तिथे नंबर ताडून पाहतात. नंबर नसेल तर तिथेही तुमचं घड्याळ अनोळखीच.

माझ्या फाईलमध्ये आता हे आहे: मूळ बिल आणि गॅरंटीपत्र, सर्व्हिसिंगच्या पावत्या, मूल्यांकनाचा दाखला, आणि पुढून, मागून, दोन्ही नंबरांचे आणि माझ्या मनगटावर असतानाचे फोटो. त्याशिवाय मामाने लिहून दिलेलं एक साधं पत्र, की हे घड्याळ, हा नंबर, मी माझ्या भाचीला अमुक तारखेला भेट दिलं. हे पत्र एजंटकाकांनी सुचवलं, आणि ते मला आधी सुचलंच नसतं. बिल मामाच्या नावावर, पॉलिसी माझ्या नावावर. उद्या कंपनीने विचारलं की वस्तू तुमची कशावरून, तर उत्तर हवं. वडिलांचं, आजोबांचं घड्याळ वापरणाऱ्या सगळ्यांनी हा विचार करावा. देणारा माणूस असताना एक कागद लिहून घेणं सोपं असतं.

दोन छोट्या सूचना. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची शाई काही वर्षांत उडते, त्यांचा फोटो आजच काढा. आणि ही फाईल घड्याळाच्या खोक्यात ठेवू नका! चोर खोक्यासकट नेतो. परदेशी जाताना जुनं महागडं घड्याळ घालून जाणार असाल, तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून तसा दाखला करून घ्या, म्हणजे येताना "हे तिकडे घेतलं का" हा प्रश्न येत नाही. माझा विमा मात्र भारतापुरताच आहे, म्हणून प्रवासाला मी साधं घड्याळ घालते.

आणि वेळ आलीच तर? आधी पोलीस, त्याच दिवशी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्यायचीच. लगेच कंपनीला लेखी कळवायचं, फोनवर सांगितलं म्हणजे झालं असं नाही. मग सर्वेक्षक येतो, कागद बघतो, प्रश्न विचारतो. कंपन्या बहुधा पोलिसांचा शेवटचा अहवाल मागतात. आपल्याकडे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असं असेल तर पोलीस 'अ समरी' देतात. ती मिळायला महिने लागतात, तोवर धीर धरायचा. पैसे घेताना लिहून द्यावं लागतं की घड्याळ पुढे सापडलं तर ते कंपनीचं. हे वाचून मी जरा थबकले होते. आणि दावा नाकारला, किंवा तक्रार करून महिनाभर उत्तरच नाही आलं, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे, फी लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. बंड्यादादा तेव्हा कुठेच गेला नाही. गेला असता तरी व्याख्येपुढे त्याचं काही चाललं असतं असं मला वाटत नाही, पण निदान पंधरा वर्षं आम्हाला ऐकवलं नसतं!

तर माझा निर्णय. मी 'ऑल रिस्क' घेतलाय, साडेचार लाखांचा, एका वर्षासाठी. दरवर्षी पुन्हा विचार करणार. ज्या वर्षी लक्षात येईल की मी ते घालतच नाही, त्या वर्षी विमा बंद आणि घड्याळ लॉकरमध्ये. हिशेबाने बघितलं तर मी कदाचित तोट्यात आहे. पण ते ५,३१० रुपये मी घड्याळासाठी देत नाही, घड्याळ घालता यावं म्हणून देते. कारण उद्या ते गेलं तर कंपनी साडेचार लाख देईल (पाच टक्के कापून), पण बहारीनचे ते दोन पगार आणि मामीचा तो आठ दिवसांचा अबोला कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याचा विमा नसतो.

मामाचा दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, भाज्यांचे भाव असं सगळं झालं की शेवटी ठरलेला प्रश्न. "घालतेस ना गं?"

"घालते रे मामा. आत्ता हातातच आहे."

नाशिकचं मात्र त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.